पोचेवरची तारीख

पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये होतं आणि रजिस्टरमध्ये ते दिलेलं होतं. या दोन गोष्टींच्या मध्ये मी अकरा दिवस बसून होते, भरपगारी.

मी अस्मिता तांबे. जासईला एका कंटेनर यार्डात एचआरला आहे. एचआर म्हटलं की लोकांना एसी, काचेचे दरवाजे आणि वाढदिवसाचे केक आठवतात. आमचं ऑफिस म्हणजे पत्र्याच्या दोन केबिन, खिडकीवर बोटभर धूळ आणि दिवसभर ट्रेलरचे हॉर्न. घणसोलीच्या नाक्यावरून कंपनीची बस सकाळी सव्वासातला उचलते आणि संध्याकाळी तिथेच टाकते. तीन वर्षं कंत्राटावर काढल्यावर मी पर्मनंट झाले होते, त्याला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. हा शब्द मी अजून मोठ्याने उच्चारत नव्हते, नजर लागेल म्हणून.

माझे वडील धम्मपाल तांबे महापालिकेच्या पाणी खात्यात क्लार्क होते. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी एकच उपदेश केला. "पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, आणि कागद सोडल्याशिवाय पोच लिहायची नाही." मी हसले होते. म्हटलं पप्पा, आता सगळं कंप्युटरवर असतं.

तर मे महिन्याची गोष्ट. आमच्याकडे मे महिन्यात कामगिरी बोनसची पत्रं निघतात. दिवाळीला कायद्याने मिळतो तो बोनस वेगळा. हा कंपनीच्या योजनेतला, मागच्या जानेवारी ते डिसेंबरच्या कामावर ठरणारा. योजनेची बारा पानी पुस्तिका आहे, ती कोणी वाचत नाही. मला वाचावी लागते. त्या वर्षी बासष्ट पत्रं होती. एकसष्ट आनंदाची आणि एक बाबासो पिसाळांचं.

बाबासो काका गेटचे सुपरवायझर. मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातले, यार्डात एकोणीस वर्षं. मी कंत्राटावर असताना कँटीनमध्ये मला ताट मिळायचं नाही, तेव्हा यांनी कँटीनवाल्याला झापून ताट मिळवून दिलं होतं. तेव्हापासून रोज खिडकीतून डोकावून विचारायचे, "जेवलीस का गं ताई?" मी जेवलेली असले तरी आणि नसले तरी हो म्हणायचे.

त्यांच्या हातून झालं ते असं. बंदरातून कंटेनर आला की गेटवर त्याच्या दाराचं सील बघायचं, कागदावरचा नंबर आणि सीलवरचा नंबर जुळवायचा, मग रजिस्टरात 'सील तपासले, जुळले' लिहून सही करायची. बंदरात तुंबलेला माल ऑक्टोबरमध्ये एकदम सुटला आणि एका दिवसात दोनशेच्या वर ट्रेलर आले. त्या दिवशी काकांनी, जसं गेटवर सगळेच करतात तसं, सकाळीच अख्ख्या पानावर सह्या करून ठेवल्या, म्हणजे गाडी आली की फक्त नंबर टाकायचा आणि सोडायची. नेमक्या एका कंटेनरचं सील वेगळं निघालं. दोन दिवसांनी कस्टमच्या अधिकाऱ्याने ते पकडलं. माल सगळा जागेवर होता. पुढे जहाज कंपनीने कळवलंही, की वाटेतल्या बंदरात सील बदललं होतं. पण आमच्या कॅमेऱ्यात पानावरची सही दहा वाजताची आणि ट्रेलर आत आला बारा वाजता. चौकशीत काका एवढंच म्हणाले, "व्हय, आधीच केली सही." अर्ध्या तासात चौकशी संपली. डिसेंबरच्या अठरा तारखेला लेखी ताकीद मिळाली, आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं. योजनेचा नियम सात होता. पत्राचा मसुदा मीच केला, मराठीत, आणि तो मला आजही तोंडपाठ आहे:

"वार्षिक कामगिरी बोनस योजनेच्या नियम ७(२) नुसार, योजनावर्षात गैरवर्तन सिद्ध होऊन लेखी ताकीद मिळालेल्या कर्मचाऱ्याचा बोनस पूर्णतः किंवा अंशतः रोखण्याचा अधिकार व्यवस्थापनास आहे. आपणास दि. १८ डिसेंबर रोजी दिलेली ताकीद विचारात घेऊन आपला बोनस पूर्णतः रोखण्यात येत आहे. हा निर्णय या योजनेपुरताच असून आपला पगार, रजा अथवा कायद्यानुसार देय बोनस यांवर त्याचा परिणाम होणार नाही. निर्णय मान्य नसल्यास नियम ९ नुसार हे पत्र मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत आपण कारणे व कागदपत्रांसह फेरविचार समितीकडे लेखी अर्ज करू शकता. समितीत मूळ निर्णयात सहभागी नसलेल्या तीन व्यक्ती असतील. सुनावणीस आपण एका सहकाऱ्यास सोबत आणू शकता."

पत्र प्रत्यक्ष हातात द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घ्यायची, मग रजिस्टरात नोंद करायची, हा क्रम. दहा दिवस मोजायचे ते त्या सहीच्या तारखेपासून. दहा दिवस गेले की रस्ता बंद.

सोमवारी, अकरा मेला, आमच्या मॅनेजर जयमाला मॅडमनी सकाळीच सांगितलं, "अस्मिता, एक वाजता हेड ऑफिसला पत्रवाटपाची शीट जाणार. सगळं हिरवं पाहिजे." जयमाला मॅडम वाईट बाई नाहीत. फक्त त्यांना लाल रंग सोसत नाही. बारापर्यंत एकसष्ट पत्रं वाटून झाली होती, लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि शीटवर एक चौकोन लाल होता. काकांना मी साडेबाराला बोलावलं होतं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, असं म्हणून मी रजिस्टरात लिहिलं, 'प्रत्यक्ष दिले, ११ मे', आणि चौकोन हिरवा केला.

साडेबारा वाजून गेले तरी काका आले नाहीत, म्हणून पाकीट घेऊन मीच गेटवर गेले. ते पिशवी भरून उभे होते. गावची जत्रा होती, घराचे पत्रेही बदलायचे होते. अर्ध्या दिवसापासून रजा. चेहरा असा फुललेला, की जणू ताकीद वगैरे काही झालंच नव्हतं. "ताई, गावाकडनं कंदी पेढं आणतो तुला," म्हणाले. "आन हे काय, पाकीट?" मी म्हटलं, "काही नाही, दुसऱ्याचं आहे." आणि ते कुर्त्याच्या आड धरलं.

भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही. माणसाच्या हसऱ्या तोंडावर पत्र ठेवायची छाती झाली नाही. आल्यावर देऊ, असं ठरवलं. केबिनमध्ये परत येऊन पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मगच मला आठवलं, की ते आल्यावर तेवीस तारीख असणार. मी बोटांवर मोजलं. बारा ते सोळा पाच दिवस, अठरा ते बावीस पाच दिवस. बावीसला रजिस्टरप्रमाणे मुदत संपत होती.

नियमात याला वाट होती. कर्मचारी हजर नसेल तर घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवता येतं. मंगळवारी मी पाकिटावर गावचा पत्ता घातलासुद्धा, मुक्काम, पोस्ट, तालुका, सगळा. मग लक्षात आलं, की पोस्टाच्या पावतीवर बारा तारीख येणार आणि माझ्या रजिस्टरात अकरा तारखेला पत्र हातात दिलेलं आहे. हातात दिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी पोस्टाने कशाला पाठवायचं? पाकीट परत ड्रॉवरमध्ये गेलं. दोनदा फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. फोनवर सांगितलं तर ते विचारणार, पत्र कुठाय.

त्या दिवसांत मला भूक लागेना. बसमध्ये कोणी बोललं तर दचकायला व्हायचं. ऑडिटवाले आले तर काय, काकांनी गावाहून फोन केला तर काय, जयमाला मॅडमनी सहज म्हणून पोचेची प्रत मागितली तर काय. कपाट उघडलं की त्या फायलीत बासष्टपैकी एकसष्ट प्रती आहेत, हे फक्त मला माहीत होतं. घरी पप्पा म्हणायचे, "तोंड का उतरलंय?" मी म्हणायचे, "ऊन." मे महिन्यात हे उत्तर चालून जातं.

वीस तारखेला बोनस खात्यांत जमा झाला. यार्डभर मोबाईल वाजले.

बावीसला, शुक्रवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी गेटवरचा धनेश आत डोकावला. धनेश जासईचाच, गेटच्या केबिनमध्ये एंट्री मारतो. "मॅडम, बाबासो काका इकरंच येतान. ड्यूटी उद्या हाय त्यांची, पन आजच आले."

मी ड्रॉवर उघडला आणि बंद केला.

काका आत आले, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले. रोजचा प्रश्न विचारला नाही. "ताई, समद्यांचा बोनस आला म्हणं. माझा मेसेज न्हाई आला. ब्यांकेत बी जाऊन आलो. काय चुकलंय का कुठं?"

"काका, बसा."

"बसतो. पर काय झालंय ते सांग."

मी पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. वर त्यांच्या गावचा पत्ता माझ्याच अक्षरात. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं. खिशातून चष्मा काढला आणि पत्र वाचायला लागले. फार हळू वाचत होते. ओठ हलत होते. भिंतीवरच्या घड्याळात मला प्रत्येक मिनिट दिसत होतं. साडेतीन वाजले.

"पूर्ण रोखला," ते म्हणाले.

"हो."

"ताकीद दिली तवा मला वाटलं, झालं तेवढ्यावर." ते परत पत्राकडे वळले. "पर हितं लिवलंय, अर्ज करता येतो. समितीम्होरं बोलायला मिळतं?"

"मिळतं."

"मग मला बोलायचंय." ते पुढे सरकून बसले. "पैशाचं ऱ्हाऊ दे ताई. आधी सही केली ही चूक माझीच हाय, चौकशीत मी कबूल बी केलं. पर मला एकानं बी विचारलं न्हाई, का केली. त्या दिशी गेटवर दोन माणसं पायजे होती. एकाला सकाळीच एक्स्पोर्टच्या बाजूला हलवला. दोनशे गाड्या, आन मी एकला. सीलं बघत बसलो असतो तर रांग हायवेला गेली असती, आन त्याबद्दल बी मलाच पत्र आलं असतं. त्या दिवसाचा ड्यूटी चार्ट काढ, गेटचा आकडा काढ. कागदावर हाय समदं. नुसत्या माझ्या तोंडाला कोन इचारतंय?"

"ते कागद कुणाकडून मिळतील?"

"ऑपरेशनकडं लेखी मागायचं. दोन-तीन दिस लागत्याल." त्यांनी पत्रावर बोट ठेवलं. "दहा दिस हायत की. पत्र मिळाल्यापास्नं."

आता बोलायलाच हवं होतं. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे फिरवलं. त्यांनी ओळ वाचली. 'प्रत्यक्ष दिले, ११ मे.'

"अकराला तर मी गाडीत हुतो," ते म्हणाले.

"काका, मी आधीच लिहिलं. तुम्ही येणार होतात, म्हणून लिहून ठेवलं. आणि मग गेटवर द्यायला आले तर… दिलं नाही गेलं माझ्याच्याने." मला रडायचं नव्हतं, आणि नेमकं तेच होणार असं वाटत होतं. "याच्याप्रमाणे आज मुदत संपते. सहा वाजता. काका, तुम्ही पोचेवर अकरा तारीख टाकाल? अर्ज आत्ता लिहू आपण, मी लिहिते. सहाच्या आत मी स्वतः त्याची आवक नोंद करून घेते. तुमचा अर्ज वेळेत होईल आणि…"

"आन कागद?"

"कागदांशिवाय. कारणं लिहू नुसती."

बाहेर एक ट्रेलर मागे येत होता, त्याचा पीं-पीं आवाज थांबेचना.

"अकरा न्हाई टाकली तर?"

"तर रजिस्टर खोटं ठरतं."

"मंजे तू."

"मी."

"आन मग तुझी चौकशी, तुला ताकीद."

"हो. नोकरीचं माहीत नाही."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण दातांनी ओढलं आणि दुसरी प्रत पुढे घेतली. "कुठं टाकायची? हितं?"

"काका, तुम्ही विचार करा."

"काय करायचा इचार. माझी चार वर्सं ऱ्हायली. तुझी नोकरी नवी हाय, आत्ता कुठं पर्मनंट झालीस. माझं गेलं ते गेलं." त्यांनी पेन टेकवलं आणि तारखेच्या जागी पहिला एक काढला. मग स्वतःशीच हसले. "गंमत बघ. न बघता सही केली म्हणून बोनस गेला. आता बघून खोटी करतोय, तर नोकरी वाचतीय."

ते मला टोचायला नव्हतं. ते खरंच हसत होते, आणि तेच मला सहन झालं नाही. मी हात पुढे केला आणि प्रत ओढून घेतली. पेनाचा एक ओरखडा कागदावर उमटला.

"नको."

"अगं…"

"नको काका. आजची टाका. बावीस."

"तुला कळतंय का काय बोलतीस?"

"कळतंय. पटकन टाका, नाहीतर माझा विचार बदलेल." हे मी गमतीत म्हटलं नव्हतं. घड्याळात चारला दहा कमी होते. अजून सगळं जमण्यासारखं होतं, हीच भीती वाटत होती.

काकांनी प्रत ओढून घेतली, त्या एकावर आडवी रेघ मारली, बाजूला छोटी सही केली, जशी रजिस्टरातली खाडाखोड करताना करतात तशी, आणि शेजारी लिहिलं २२ मे. खाली पूर्ण नाव, बाबासो ज्ञानू पिसाळ. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "पेढं खा. उपाशी जाऊ नगंस तिकडं."

तिकडं म्हणजे जयमाला मॅडमच्या केबिनमध्ये. ती आठ पावलांवर आहे. मी प्रत आणि रजिस्टर घेऊन गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मॅडमनी मला मध्ये तोडलं नाही. त्यांनी प्रतीवरची खोडलेली तारीख बघितली, रजिस्टर बघितलं आणि उठून दार लावलं.

"पुढच्याच दिवशी सांगितलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर रजिस्टर दुरुस्त करून, सही घालून, पत्र पोस्टाने गेलं असतं. एक ईमेल आणि एक शेरा, एवढ्यात संपलं असतं. सांगितलं का नाहीस?"

"शीट हिरवी हवी होती तुम्हाला."

हे तोंडातून गेलं आणि मला माझी जीभ छाटून टाकावीशी वाटली. मॅडम लाल झाल्या. "हिरवी मागितली होती, अस्मिता. खोटी नव्हती मागितली."

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्यापुढे सरकवलं.

"पिसाळांना आत्ताच लेखी कळव," त्या म्हणाल्या, "की पत्र बावीसला मिळालं, मुदत उद्यापासून मोजली जाईल. शीटची दुरुस्ती हेड ऑफिसला मी पाठवते, माझ्या नावाने. आणि तू तुझं निवेदन लिहून दे. जे झालं ते, तारीखवार. मला कारवाई करावी लागेल, कळतंय ना? नोंद खोटी केली, हेच पिसाळांवरही होतं. त्यांना ताकीद देऊन तुला सोडलं, तर उद्या मी गेटवर कुठल्या तोंडाने जाऊ?"

"कळतंय."

"कारणे दाखवा नोटिशीचा नमुना कुठल्या फोल्डरमध्ये असतो?"

"माझ्याच कंप्युटरवर आहे, मॅडम."

"मग मला पाठव," त्या म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू आलं नाही.

घरी पप्पांना सांगायला मला रविवार उजाडला. ते पेपर बाजूला ठेवून ऐकत राहिले. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "निवेदन दिलंस, त्याची पोच घेतलीस का?" मी हो म्हटलं. "बरं केलंस," म्हणाले, आणि पेपर परत उचलला. पण दुपारपर्यंत तेच पान त्यांच्यापुढे होतं.

काकांची सुनावणी जूनमध्ये झाली. समितीवर तिघे होते, दोघे ऐरोलीच्या ऑफिसातून आणि एक दुसऱ्या यार्डाचे मॅनेजर. मी तिथे नव्हते. असायचा प्रश्नच नव्हता. काकांनी ड्यूटी चार्ट नेला, गेटचा आकडा नेला, आणि सोबत सहकारी म्हणून धनेशला नेलं. निकाल पंधरा दिवसांत आला. गैरवर्तन कायम, ताकीद कायम. पण बोनस पूर्ण रोखताना त्या दिवशीचं मनुष्यबळ आणि एकोणीस वर्षांची सेवा विचारात घेतलेली दिसत नाही, सबब निम्मा बोनस द्यावा. शेवटी एक शिफारस होती, की आयातीच्या गेटवर प्रत्येक पाळीला दोन माणसं असावीत. मी अभिनंदन करायला गेले तर काका म्हणाले, "पाऊण तास ऐकून घेतलं, ताई. मधी कोन बोललं न्हाई." निम्म्या बोनसबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

मला जुलैमध्ये ताकीद मिळाली. नोकरी राहिली. रात्री झोप लागायला लागली, थोडी थोडी. पण पुढचा मे डोळ्यांपुढे दिसत होता, आणि नियम सात मला पाठ होता.

या मे महिन्यात जयमाला मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाकीट पुढे ठेवलं, पेन ठेवलं, आणि रजिस्टर बंद करून स्वतःच्या कोपराखाली धरून बसल्या. मी पत्र उघडलं. वार्षिक कामगिरी बोनस योजनेच्या नियम ७(२) नुसार. पूर्णतः रोखण्यात येत आहे. सगळी वाक्यं माझी होती, एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता. तरी मी प्रत्येक ओळ वाचली. दुसऱ्याला लिहिताना सरळ वाटलेलं 'पूर्णतः' मी दोनदा वाचलं. मॅडमनी घाई केली नाही. मी सही केली, तारीख घातली, आणि मग त्यांनी रजिस्टर उघडलं.

अर्ज करावा की नाही, यावर मी सहा दिवस घालवले. चूक माझी होती, मग मागायचं काय? कधी वाटायचं गप्प बसावं, तोंड वर करून कुठे जायचं. सातव्या दिवशी लिहिला. चूक मान्य केली. फक्त एवढंच विचारलं, की ती मी स्वतःहून सांगितली, हे निर्णय घेताना कुणी पाहिलं का? वडिलांना दाखवलं, त्यांनी दोन तारखा दुरुस्त केल्या. खाली एक जागा रिकामी राहिली. 'सुनावणीस सोबत येणाऱ्या सहकाऱ्याचे नाव व सही.'

अर्ज घेऊन मी गेटवर गेले. आता तिथे दोन माणसं असतात, तरी रांग लागतेच, कारण काका प्रत्येक सीलपाशी वाकतात, हाताने धूळ पुसतात आणि नंबर मोठ्याने वाचतात. ड्रायव्हर हॉर्न मारतात. काका ऐकत नाहीत.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि कागद पुढे केला. "काका, याल का माझ्याबरोबर?"

त्यांनी चष्मा लावला. दुसऱ्या माणसाला पुढची गाडी बघायला सांगितली आणि ट्रेलरच्या सावलीत उभं राहून वाचायला लागले, पहिल्या ओळीपासून. मागून हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "काका, शेवटी फक्त नाव आणि सही करायचीय."

"थांब की," ते म्हणाले. "वाचू दे आधी."

दोन्ही पानं वाचली. एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, ही बावीस तारीख कशाची. मी सांगितलं. मग पेनाचं टोपण दातांनी ओढलं, नाव लिहिलं, सही केली, आणि तारीख टाकायच्या आधी मला विचारलं, "आज किती गं?"